कार्बन किती आत गेला? एका हिशोबाची कुळकथा

गिअरचा दात दोन परस्परविरोधी मागण्या घेऊन जन्माला येतो. पृष्ठभाग कडक हवा, नाहीतर समोरच्या दातावर घासून तो झिजतो. गाभा मात्र चिवट हवा, नाहीतर पहिल्या झटक्याला दात मुळातून तुटतो. एकाच पोलादाकडून दोन्ही मिळवायचे तर कमी कार्बनच्या पोलादातून गिअर कापतात, तो 900 अंशांच्या वर तापवून कार्बनयुक्त वायूत ठेवतात, आणि पृष्ठभागातून कार्बन आत शिरला की तेलात बुडवून झटपट थंड करतात. कार्बन जिथवर पोचला तिथवर दात कडक होतो, त्याच्या आत मऊ आणि चिवट राहतो. या कडक थराला कारखान्यात ‘केस’ म्हणतात, त्याच्या जाडीला ‘केस डेप्थ’, आणि सगळ्या क्रियेला कार्बुरायझिंग.

भट्टीवर उभ्या असलेल्या माणसाचा प्रश्न एकच असतो: गिअर किती तास आत ठेवायचा? आज त्याचे उत्तर पडद्यावर मिनिटांत येते. पण त्या उत्तरामागचा हिशोब लोहशास्त्रात जन्मलेला नाही. तो खगोलशास्त्रज्ञांच्या तक्त्यांतून, उष्णतेच्या सिद्धांतातून आणि शरीरशास्त्राच्या एका शिक्षकाच्या मिठाच्या पाण्यातून फिरत फिरत भट्टीपाशी आला. वाटेत त्यात एक गृहीतक शिरले, ते आजही अनेकांना फसवते. म्हणून ही वंशावळ माहीत असलेली बरी.

कृती हिशोबाच्या फार आधीची आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या शेफिल्डला घडीव लोखंडाच्या पट्ट्या दगडी पेट्यांत कोळशाच्या भुकटीत थरावर थर रचून ठेवत, पेट्या वरून लिंपून हवाबंद करत आणि आठवडाभर किंवा त्याहून जास्त दिवस सुमारे 1050 ते 1100 अंशांवर तापवत. बाटलीच्या आकाराच्या उंच धुराड्याची, 1848 साली बांधलेली अशी एक भट्टी शेफिल्डच्या डॉन्कास्टर स्ट्रीटवर आजही उभी आहे. पट्ट्या बाहेर निघत तेव्हा त्यांच्या अंगावर फोड आलेले असत. आत शिरणारा कार्बन लोखंडात अडकलेल्या मळीतल्या ऑक्सिजनशी भिडे आणि तयार झालेला वायू पृष्ठभाग फुगवून वर उचले. त्या फोडांवरून त्या पोलादाला ‘ब्लिस्टर स्टील’ हे नाव पडले.

किती दिवस तापवायचे, हे ठरवायची रीत अशी होती: पेटीच्या टोकाला ठेवलेल्या भोकातून नमुन्याची पट्टी ओढून काढायची, थंड झाल्यावर तोडायची आणि तुटलेला काप बघायचा. कडेचा चमकदार दाणेदार भाग म्हणजे पोलाद, मधला निराळ्या पोताचा भाग म्हणजे अजून लोखंडच. मधला भाग पुरेसा आक्रसला की भट्टी विझवायची. डोळ्यांनी केलेले हे मोजमाप वाईट नव्हते. आजचे गणित त्या भट्टीला लावून बघा. 1100 अंशांवर आठ दिवसांत कार्बन ठळकपणे सहा मिलिमीटर, आणि पातळसा बारापर्यंत पोचतो. पट्ट्या साधारण 15 ते 20 मिलिमीटर जाडीच्या असत आणि कार्बन दोन्ही बाजूंनी शिरे. म्हणजे आठवडा हा मुक्काम कारागिरांनी अगदी नेमका गाठला होता. मात्र एक गोष्ट त्यांना सांगता आली नसती: पट्टी दुप्पट जाड असेल तर किती दिवस लागतील? दुप्पट नाही, चौपट. हे कळायला वेगळ्याच लोकांची गरज होती.

मुळात आत काय शिरते, यावरच बराच काळ एकमत नव्हते. फ्रान्समध्ये रोमूर यांनी 1722 साली लोखंडाचे पोलाद करण्यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांनी पद्धतशीर प्रयोग केले, कुठली भुकटी चांगली आणि कुठली वाईट हे पारखून सांगितले. पण आत शिरणाऱ्या पदार्थाला ते क्षार आणि गंधकयुक्त द्रव्ये समजत होते. ते द्रव्य कार्बन आहे, हे 1786 मध्ये व्हांदरमाँद, बर्थोले आणि माँज या तिघांनी मांडले. त्यावरची शंका फेडायला पुढे क्लुए आणि गितों द मोर्व्हो यांनी लोखंडाच्या छोट्या मुशीत हिरा बंद करून तापवला. हिरा नाहीसा झाला आणि लोखंडाचे पोलाद झाले. शुद्ध कार्बनखेरीज आत दुसरे काही नव्हतेच. म्हणजे ‘काय’ हे ठरले. ‘किती वेगाने’ हा प्रश्न पुढे कित्येक दशके तसाच राहिला.

वेगाचा नियम सापडला तो झुरिकमध्ये, आणि शोधणारा लोहारकामापासून कोसभर दूर होता. अडॉल्फ फिक हे शरीरशास्त्राच्या विभागात काम करणारे तरुण होते. पेशींच्या पडद्यांतून द्रव आणि क्षार आरपार कसे जातात, हा त्यांचा मूळ प्रश्न. पडद्याचे कोडे सोडवायचे तर आधी पडदा नसताना काय होते ते समजले पाहिजे, असा त्यांचा विचार होता. लंडनला टॉमस ग्रॅहम यांनी मीठ पाण्यात कसे पसरते याची भरपूर मोजमापे केली होती, पण मोजमापांच्या पाठीमागचा नियम मांडला नव्हता. तो नियम उष्णतेच्या नियमासारखाच असणार, असा फिक यांचा कयास होता. फूरिये यांनी 1822 साली लिहून ठेवले होते की उष्णता गरम भागाकडून थंड भागाकडे वाहते आणि तापमानाचा उतार जितका तीव्र तितका तिचा प्रवाह मोठा. फिक यांनी तापमानाच्या जागी मिठाचे प्रमाण ठेवले आणि 1855 साली आपला निबंध प्रसिद्ध केला. तेव्हा ते पंचविशीत होते.

त्यांचा प्रयोग जवळून बघण्यासारखा आहे. एक उभी नळी. तिचे खालचे तोंड मिठाच्या संपृक्त द्रावणात उघडते, तळाशी मीठ कायम साठलेले. वरचे तोंड गोड्या पाण्याच्या मोठ्या भांड्यात, ते पाणी वेळोवेळी बदलले जाते. म्हणजे खालच्या टोकाला मिठाचे प्रमाण कायम भरपूर, वरच्या टोकाला कायम शून्य. असे कित्येक दिवस, आठवडे राहू द्यायचे. प्रवाह स्थिरावला की तराजूच्या एका बाजूला टांगलेला काचेचा छोटा मणी नळीत वेगवेगळ्या खोलीवर सोडायचा आणि तो किती हलका भासतो ते मोजायचे. त्यावरून त्या खोलीवरच्या द्रावणाची घनता, आणि घनतेवरून मीठ. सरळ नळीत मिठाचे प्रमाण खालून वर एकसारख्या उताराने कमी होत गेले, नियम सांगतो तसेच.

मग फिक यांनी नळीऐवजी नरसाळे घेतले. नरसाळ्यात वाट रुंदावत किंवा अरुंद होत जाते, त्यामुळे उतार सरळ न राहता वाकला पाहिजे आणि किती वाकला पाहिजे ते समीकरण आधीच सांगते. मोजमाप त्याच्याशी जुळले. या नरसाळ्याला मी फार महत्त्व देतो, कारण गिअरच्या दाताची भूमिती नेमकी हीच आहे. दाताच्या टोकाशी कार्बन दोन्ही बाजूंनी शिरतो आणि आतली जागा निमुळती होत जाते, म्हणून तिथे तो साचतो आणि केस जाड होते. दोन दातांमधल्या खोलगट मुळाशी उलटे घडते. शिरलेल्या कार्बनला पुढे रुंदावत जाणारी जागा मिळते, तो पांगतो आणि केस पातळ राहते. दाताला वाकवणारा सगळा ताण त्याच मुळाशी येतो. फिक यांनी ही अडचण 1855 सालीच काचेच्या नरसाळ्यात मांडून ठेवली होती.

फिक यांचा नियम दोन वाक्यांत सांगता येतो. एक, कार्बनचा प्रवाह प्रमाणाच्या उताराच्या सम प्रमाणात असतो. त्या प्रमाणाचा गुणक म्हणजे विसरणांक, चिन्ह D. दोन, एखाद्या थरात जितका कार्बन शिरतो आणि जितका बाहेर पडतो त्यातला फरक त्या थरात साठतो. या दोन वाक्यांतून जे समीकरण निघते ते उष्णतेच्या समीकरणाशी अक्षरश: सारखे आहे. म्हणून उष्णतेसाठी आधीच काढलेली सगळी उत्तरे फुकटात हाताशी आली.

त्यातले एक उत्तर आपल्या कामाचे. पृष्ठभाग अचानक एका ठरावीक पातळीवर नेला आणि तिथेच धरून ठेवला, तर आत अमुक खोलीवर अमुक वेळाने काय स्थिती असेल? 1862 मध्ये लॉर्ड केल्व्हिन यांनी हेच गणित सबंध पृथ्वीला लावले. एके काळी वितळलेली पृथ्वी पृष्ठभागाकडून थंड होत आली असेल तर तिचे वय किती, हा त्यांचा प्रश्न. उत्तर 2 कोटी ते 40 कोटी वर्षे असे आले आणि ते चुकले, कारण पृथ्वीच्या पोटातल्या घडामोडी त्या गणितात बसत नव्हत्या. पण गणित स्वत: बिनचूक होते. त्यात जे फलन येते त्याचे मोलाचे तक्ते 1799 मध्ये क्रिस्तियान क्रांप यांनी छापले होते, ताऱ्यांचा प्रकाश वातावरणात किती वाकतो हे काढण्यासाठी. तेच फलन मोजमापांतल्या चुकांच्या सिद्धांतातही येते, म्हणून 1871 साली ग्लेशर यांनी त्याला ‘एरर फंक्शन’ नाव दिले. कार्बुरायझिंगच्या पुस्तकात erf ही तीन अक्षरे दिसतात ती तिथून आली.

तरीही एक मोठी शंका उरली होती. मीठ पाण्यात पसरते हे ठीक, पण घन धातूच्या आत दुसरा धातू खरोखर सरकतो का? वितळवल्याशिवाय? याचे पहिले भक्कम उत्तर लंडनच्या टांकसाळीतून आले. ग्रॅहम पुढे त्या टांकसाळीचे प्रमुख झाले होते आणि विल्यम रॉबर्ट्स-ऑस्टेन हे तिथले त्यांचे मदतनीस. ग्रॅहम गेल्यानंतर त्यांनी गुरूचा धागा धातूंपर्यंत नेला. शिशाच्या कांड्यांच्या बुडाशी सोने लावून त्या शिसे वितळण्याच्या बऱ्याच खाली, 251 अंशांवर आणि त्याहूनही कमी तापमानांवर, दिवसेंदिवस ठेवल्या. मग कांडी चकत्या-चकत्यांनी कापून प्रत्येक चकतीतले सोने तपासले. सोने निवडण्यामागे टांकसाळीतल्या माणसाचे शहाणपण होते. सोन्याचा कस इतक्या सूक्ष्म प्रमाणापर्यंत काढता येतो की चकतीत नाममात्र सोने असले तरी सापडते. 1896 साली त्यांनी आकडे जाहीर केले. सोने घन शिशातून चढले होते, फिक यांच्या नियमाने चढले होते, आणि तापमान उतरले की वेग झपाट्याने पडत होता. पुढे त्यांनी नेहमीच्या खोलीच्या तापमानाला सोने आणि शिसे चार वर्षे एकमेकांना चिकटवून ठेवले. तिथेही शिशात सोने सापडले. ज्या स्थितीतल्या पोलादात आपण कार्बन शिरवतो त्या स्थितीला ‘ऑस्टेनाइट’ म्हणतात, ते याच गृहस्थांच्या नावावरून.

आता सगळे साहित्य जमले आहे, तर एक गिअर घेऊन हिशोब मांडू. पोलाद 20MnCr5, आपल्याकडे भोसरी-चाकणच्या पट्ट्यात रोज वापरले जाणारे. मुळात कार्बन 0.20 टक्के. भट्टीचे तापमान 930 अंश. भट्टीतला वायू पृष्ठभागावर 0.90 टक्के कार्बन धरून ठेवतो. ड्रॉइंगमध्ये ग्राइंडिंगनंतर 0.8 मिलिमीटर केस मागितली आहे आणि ग्राइंडिंगमध्ये 0.1 जाणार, म्हणून भट्टीतून 0.9 मिलिमीटर मिळाली पाहिजे. केस कुठे संपते? तेलात थंड केल्यावर कडकपणा जिथे 550 HV वर येतो तिथे. या जातीच्या पोलादात, मध्यम आकाराच्या दातात, त्या जागी कार्बन साधारण 0.40 टक्के असतो. तेव्हा प्रश्न असा: 0.9 मिलिमीटर खोलीवर कार्बन 0.40 टक्के व्हायला किती वेळ?

सूत्र हे:

(Cs − Cx) / (Cs − C0) = erf( x / 2√(Dt) )

डावी बाजू: 0.90 वजा 0.40 म्हणजे 0.50. 0.90 वजा 0.20 म्हणजे 0.70. भागाकार 0.714. तक्त्यात ज्याचे एरर फंक्शन 0.714 येते ती संख्या 0.755 आहे. म्हणून 0.9 भागिले 2√(Dt) बरोबर 0.755. यावरून √(Dt) आले 0.596 मिलिमीटर, आणि Dt आले 0.355 चौरस मिलिमीटर. इथपर्यंत नुसते अंकगणित. आता D हवा.

विद्यार्थ्यांच्या पाठ्यपुस्तकात ऑस्टेनाइटमधल्या कार्बनसाठी जे आकडे हमखास सापडतात (D0 बरोबर 2.3 × 10⁻⁵ m²/s आणि Q बरोबर 148 kJ/mol), ते 930 अंशांना लावले तर D येतो 8.6 × 10⁻⁶ mm²/s. भागाकार केला की वेळ सुमारे 41,000 सेकंद. जवळजवळ साडेअकरा तास.

हा आकडा कुठल्याही अनुभवी भट्टीवाल्याला दाखवा, तो मान हलवेल. एवढ्या केसला तो सहा तासांच्या आसपास देतो. साडेअकरा तास ठेवले तर केस सव्वा मिलिमीटरच्या घरात जाईल, ग्राइंडिंगनंतरही जास्त उरेल आणि बारीक दातांचा गाभाच कडक होऊन बसेल. मग चुकले कोण, फिक की भट्टीवाला?

चुकले ते गृहीतक. वर केलेला सगळा हिशोब D कायम धरतो. फिक यांनी मिठासाठी तसे धरले आणि ते बऱ्यापैकी चालले. पोलादात चालत नाही. 1940 साली पिट्सबर्गच्या कार्नेगी संस्थेत वेल्स आणि मेल यांनी मोजून दाखवले की ऑस्टेनाइटमध्ये कार्बन जितका जास्त तितका D मोठा. आज वापरात असलेल्या सूत्रांनुसार 930 अंशांना 0.2 टक्के कार्बनपाशी D सुमारे 1.1 × 10⁻⁵ mm²/s आहे, आणि 0.9 टक्क्यांपाशी सुमारे 2.5 × 10⁻⁵, म्हणजे दुपटीहून जास्त. पाठ्यपुस्तकातला आकडा कार्बन जवळजवळ शून्य असतानाचा आहे. आपल्या गिअरच्या केसमध्ये कार्बन 0.2 ते 0.9 असा पसरलेला, म्हणून मधला काहीतरी, 1.7 × 10⁻⁵ घेतला, तर वेळ येतो सुमारे 20,900 सेकंद. पाच तास अठ्ठेचाळीस मिनिटे. भट्टीवाला बरोबर होता.

इथे एक प्रश्न साहजिक पडतो. D जागोजागी बदलत असेल तर एरर फंक्शन हे मुळात उत्तरच उरत नाही. मग कारखान्यांत दशकानुदशके चाललेला ‘वेळेच्या वर्गमुळाचा नियम’ टिकला कसा? 1943 साली ‘मेटल प्रोग्रेस’ या अमेरिकन मासिकात एफ. ई. हॅरिस यांनी भट्टीवर वापरायचे एक साधे सूत्र दिले होते. मिलिमीटरमध्ये मांडले तर 927 अंशांना एकूण केस म्हणजे 0.635 गुणिले तासांचे वर्गमूळ. चार तासांत 1.27 मिलिमीटर, सोळा तासांत 2.54. वेळ चौपट, केस दुप्पट. शेफिल्डच्या कारागिरांना जे सांगता आले नसते ते हेच. हॅरिस यांच्या सूत्रात एरर फंक्शन नाही, कार्बनप्रमाणे बदलणारा D नाही, तरी ते पिढ्यान्‌पिढ्या चालले.

त्याचे कारण 1894 मध्ये व्हिएन्नाच्या परंपरेतले लुडविग बोल्ट्झमान देऊन गेले होते. त्यांनी दाखवले की D प्रमाणाबरोबर कसाही बदलो, जोवर तो फक्त प्रमाणावर अवलंबून आहे आणि पृष्ठभाग एकाच पातळीवर धरलेला आहे, तोवर खोली आणि वेळ हे दोघे समीकरणात स्वतंत्रपणे येतच नाहीत. येते ते फक्त त्यांचे एक जोडरूप, खोली भागिले वेळेचे वर्गमूळ. वक्राचा आकार बदलेल, एरर फंक्शनचा राहणार नाही, पण 0.40 टक्क्यांची रेषा √t च्याच चालीने आत सरकेल. या सगळ्या कुळकथेत मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे. भट्टीवरचा वर्गमुळाचा नियम म्हणजे अडाणी अंदाज नाही, तो एरर फंक्शनच्या सूत्रापेक्षा जास्त पक्का आहे. सूत्रातला D चुकीचा निघू शकतो, वर्गमूळ मात्र D च्या लहरींनी ढळत नाही. म्हणून स्वत:च्या भट्टीवर एक चार्ज नीट मोजून घेतला की त्याच पोलादाला, त्याच तापमानाला, त्याच वायूत पुढच्या केसचा वेळ वर्गमुळाने काढणे हा पाठ्यपुस्तकातला D शोधत बसण्यापेक्षा खात्रीचा मार्ग आहे.

पण बोल्ट्झमान यांच्या म्हणण्यात एक अट आहे, ‘पृष्ठभाग एकाच पातळीवर धरलेला’. ती अट पाळली न गेल्याचे कसे ओळखायचे? वेगवेगळ्या वेळांची केस डेप्थ कागदावर मांडा, आडव्या अक्षावर तासांचे वर्गमूळ. बिंदू सरळ रेषेत येतील, पण ती रेषा सहसा शून्यातून जाणार नाही. थोडी उजवीकडे सरकलेली असेल. कारण वायूतून पोलादात कार्बन उतरायची क्रियाही वेळ घेते. सुरुवातीला पृष्ठभागाला लागूनच उतार इतका तीव्र असतो की पोलाद कार्बन गिळायला तयार असते आणि वायू तेवढा पुरवू शकत नाही. पृष्ठभाग 0.90 वर पोचायला बराच वेळ जातो. खोल केसमध्ये हा उशीर लपून जातो. अर्ध्या मिलिमीटरच्या उथळ केसमध्ये तोच मोठा होतो, आणि हॅरिसचे सूत्र तिथे जास्त केसचे आश्वासन देऊन बसते.

हीच अट आपण स्वत:ही मोडतो. बहुतेक भट्ट्या आता दोन टप्प्यांत चालतात. आधी वायूत कार्बन जास्त ठेवून तो वेगाने आत ढकलायचा, मग वायू हलका करून आतला कार्बन पसरू द्यायचा, म्हणजे पृष्ठभागावर कार्बाइडची जाळी उरत नाही. पातळी मध्येच बदलली की ना एरर फंक्शन चालते ना साधे वर्गमूळ. तेव्हा फिक यांच्या दोन वाक्यांकडे परत जावे लागते. पोलादाचे 0.05 मिलिमीटरचे थर कल्पायचे, प्रत्येक थराला त्याच्या कार्बनप्रमाणे D द्यायचा, शेजारच्या थराकडून किती आले आणि पुढच्याकडे किती गेले याचा जमाखर्च थोड्या थोड्या सेकंदांनी मांडत जायचे. भट्टीच्या कंट्रोलरमधला प्रोग्रॅम हेच करतो. साध्या रीतीने केले तर पायरीवर मर्यादा आहे: थराच्या जाडीचा वर्ग भागिले D ची दुप्पट. इथे ती सुमारे 50 सेकंद येते. पायरी त्याहून मोठी घेतली की आकडे वरखाली उड्या मारू लागतात, कार्बन ऋण झालेला दिसतो. ती मर्यादा ओलांडता यावी म्हणून क्रँक आणि निकोल्सन यांनी 1947 साली जी रीत दिली ती आज सगळीकडे वापरात आहे.

तापमानाबाबत एकच सांगतो, कारण कारखान्यात सगळ्यात जास्त केस इथेच हुकते. 930 ऐवजी 950 ठेवले तर D सुमारे 27 टक्क्यांनी वाढतो आणि आपल्या गिअरचे पावणेसहा तास साडेचारच्या आसपास येतात. मोह होणे स्वाभाविक आहे. पण तापमान चढले की ऑस्टेनाइटचे दाणेही वाढतात, म्हणून दाणे रोखून धरणारे पोलाद नसेल तर 950 च्या पुढे जाताना विचार करावा लागतो. याची दुसरी बाजू अशी की थर्मोकपल दहा अंश खोटे बोलत असेल तर D मध्ये 13 टक्के आणि केसमध्ये सहा टक्के फरक पडतो. 0.90 मागितले आणि 0.85 आले, असे झाले तर गणित तपासण्याआधी थर्मोकपल तपासा.

शेवटी गिअर कापावाच लागतो. चार्जबरोबर टाकलेला तुकडा किंवा खरा दात आडवा कापून, घासून गुळगुळीत करून, नायट्रिक आम्ल आणि स्पिरिटच्या द्रावणाने पुसला की केस काळसर कड्यासारखी डोळ्यांना दिसते. शेफिल्डच्या कापाचीच ही सुधारलेली आवृत्ती, पण यावरून खोली ठरवू नये. पृष्ठभागापासून दर दशांश मिलिमीटरवर हिऱ्याच्या टोकाचा बारीक ठसा उमटवून कडकपणा मोजत जायचे आणि तो 550 HV ला जिथे छेदतो ती खोली नोंदवायची. दाताच्या पोटावर आणि मुळाशी, दोन्ही ठिकाणी मोजायचे. मुळाशी कमी येणार हे फिक यांच्या नरसाळ्याने आधीच सांगितले आहे, प्रश्न फक्त किती कमी याचा.

आणि ड्रॉइंग करणाऱ्यांना एक विनंती. हॅरिसचे 0.635 हे एकूण केससाठी आहे, मूळ पोलादाचा कार्बन सुरू होतो तिथपर्यंतच्या खोलीसाठी. आपण वर काढलेले 0.9 मिलिमीटर 550 HV पर्यंतचे आहेत. त्याच पावणेसहा तासांत एकूण केस दीड मिलिमीटरच्या वर गेलेली असते. दोघेही खरे बोलत असतात आणि दोघांत सहा दशांशांहून जास्त फरक असतो. ड्रॉइंगवर नुसते ‘केस 0.8’ लिहिले तर भट्टीवाल्याने कुठले समजायचे? खोलीशेजारी 550 HV लिहा, ग्राइंडिंगच्या आधी की नंतर ते लिहा, आणि दातावर कुठे मोजायचे ते दाखवा. मगच तास विचारा.